एक्सचेंजांमधला दोन टक्क्यांचा फरक खिशापर्यंत का पोचत नाही

"एकच कॉइन, दोन एक्सचेंज, दोन भाव! इकडे एक्सआरपी २०० ला घ्या, तिकडे २०४ ला विका. पाच मिनिटांचं काम, लाखाला दोन हजार सुटतात. भाव वर जावो की खाली, आपल्याला काही घेणंदेणं नाही, रिस्क झिरो. दिवसातून एकदा केलं तरी महिन्याला पन्नास हजार कुठे गेले नाहीत. फरक जेवढा मोठा तेवढी कमाई मोठी. माझं चालू आहे, तुम्हीही करा."

हा मेसेज गेल्या वर्षभरात माझ्याकडे निदान सहा जणांकडून आला. त्यातल्या दोघांनी पैसे घालून झाल्यावर पाठवला. मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. जून-जुलैत लोक क्रिप्टो एक्सचेंजवरून उतरवलेले ट्रेड रिपोर्ट घेऊन येतात आणि ते एकेक ओळ वाचणं हे माझं काम. अशा रिपोर्टमध्ये "आर्बिट्राज", म्हणजे दोन बाजारांतल्या भावाच्या फरकावर कमाई, करू पाहणारा माणूस लगेच ओळखू येतो. एका एक्सचेंजवर फक्त खरेदी, दुसऱ्यावर फक्त विक्री, आणि वर्षाच्या शेवटी शिल्लक सुरुवातीपेक्षा कमी. म्हणून मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन सांगतो. त्यातलं एक वाक्य खरं आहे, तेही सांगतो.

२०० आणि २०४ हे कुणाचे भाव?

फरक असतो, हे खरं. भारतातल्या दोन एक्सचेंजांवर एकाच मिनिटाला एकाच कॉइनचे भाव वेगळे दिसतात. प्रत्येक एक्सचेंज म्हणजे वेगळा बाजार, तिथले घेणारे-विकणारे वेगळे. नाशिकच्या बाजार समितीत कांद्याचा भाव एक आणि लासलगावला दुसरा, तसंच.

पण ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. शेवटचा सौदा म्हणजे कुणीतरी, कदाचित चार मिनिटांपूर्वी, कदाचित दहाच कॉइन, त्या भावाने घेतले. तुम्हाला त्या भावाने मिळतील असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. तुमचा भाव ठरतो ऑर्डर बुकमध्ये. तिथे एका बाजूला विकणाऱ्यांच्या मागण्या असतात, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांच्या बोल्या. तुम्ही घाईने घ्यायला गेलात की विकणाऱ्यांची रांग वर चढत जाता आणि विकायला गेलात की घेणाऱ्यांची रांग खाली उतरत जाता. दोन्ही वेळा तुमच्या विरुद्ध दिशेने.

आता ५०० एक्सआरपीचं उदाहरण करू. फीचे दर एक्सचेंजगणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या एक्सचेंजचं फीचं पान उघडून तुमचे आकडे यात घाला.

पहिल्या एक्सचेंजवर शेवटचा भाव २०० दिसतोय, पण विकणाऱ्यांची रांग २००.३० पासून सुरू होते. ५०० कॉइन उचलेपर्यंत सरासरी पडते २००.५०. म्हणजे कॉइनचे १,००,२५० रुपये. ट्रेडिंग फी पाव टक्का धरू, २५१ रुपये. त्या फीवर १८ टक्के जीएसटी, ४५ रुपये. एकूण खिशातून गेले १,००,५४६.

कॉइन बाहेर पाठवायचे तर विथड्रॉवल फी. ती टक्क्यात नसते, कॉइनमध्ये ठरलेली असते. एक एक्सआरपी धरू. दुसरीकडे पोचले ४९९.

दुसऱ्या एक्सचेंजवर शेवटचा भाव २०४. घेणाऱ्यांच्या बाजूला सर्वात वरची बोली २०३.४०, पण तीही फक्त १०० कॉइनची. पुढचे १५० जातात २०३.१० ला आणि उरलेले २४९ जातात २०२.६० ला. बेरीज १,०१,२५२ रुपये. सरासरी दोनशे तीनच्याही खाली गेली. इथलीही फी आणि जीएसटी मिळून २९९ गेले. उरले १,००,९५४.

टाकले १,००,५४६, आले १,००,९५४. दोन हजारांचे ४०८ झाले. आणि हे सगळं एका क्षणात घडलं, वाटेत भाव पैशानेही हलला नाही आणि सरकारने एक रुपयाही मागितला नाही, असं धरून.

या उदाहरणातल्या खर्चाची बेरीज केली तर साधारण १.६ टक्के होते. म्हणजे लाखभराच्या रकमेला स्क्रीनवरचा फरक १.६ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर हा सौदा पहिल्याच मिनिटाला तोट्यात आहे. रक्कम कमी केली तर? दहा हजारांत ५० एक्सआरपी येतात आणि त्यातला एक विथड्रॉवल फीत गेला म्हणजे दोन टक्के तिथेच संपले. रक्कम वाढवली तर? पाच लाखांच्या कॉइनसाठी घेणाऱ्यांची रांग २०२ च्याही खाली जाते. छोट्या रकमेला ठरीव फी खाते आणि मोठ्या रकमेला पातळ ऑर्डर बुक. मेसेज लिहिणाऱ्याने शेवटच्या भावांमधला दोन टक्क्यांचा फरक घेतला, त्याला लाखाने गुणलं आणि तिथेच थांबला.

पाच मिनिटं कुठली?

एक्सआरपी निवडण्यामागचं कारण मला माहीत आहे. हे नेटवर्क खरोखर वेगवान आहे, तीन ते पाच सेकंदांत व्यवहार पक्का होतो. बिटकॉइनचे व्यवहार ज्या गठ्ठ्यात पक्के होतात तो ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, आणि ती फक्त सरासरी असते. शंभरात पाच वेळा तरी एका ब्लॉकसाठी अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागतं, आणि एक्सचेंज सहसा एकाहून जास्त कन्फर्मेशन, म्हणजे एकाहून जास्त ब्लॉक, मागतात. त्या मानाने एक्सआरपी म्हणजे डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ.

पण कॉइन नेटवर्कवर सोडायचे की नाही, आणि कधी, हे ठरवणारं एक्सचेंज. तुम्ही "विथड्रॉ" दाबता तेव्हा कॉइन निघत नाहीत, एक विनंती नोंदली जाते. पत्ता नवीन असेल तर बऱ्याच ठिकाणी ठरावीक तास थांबवतात. नुकतेच भरलेले रुपये असतील तर त्यांनी घेतलेले कॉइन काही काळ बाहेर जाऊ देत नाहीत. रक्कम मोठी असेल तर माणूस तपासतो. एक्सचेंजच्या चालू वॉलेटमध्ये, ज्याला हॉट वॉलेट म्हणतात, पुरेसे कॉइन नसतील तर ते भरेपर्यंत थांबा. आणि मार्च २०२३ पासून भारतात क्रिप्टो एक्सचेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले आहेत, त्यामुळे कॉइन कुणाकडे चाललेत आणि कुणाकडून आलेत हे त्यांना विचारावंच लागतं. ही तपासणी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ती पाच मिनिटांत बसत नाही.

मी स्वतः एकदा हे करून पाहिलं. उपदेश करण्याआधी अनुभव घ्यावा म्हणून, स्वतःच्या पैशांनी. रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी ५०० एक्सआरपीची विथड्रॉवल विनंती टाकली. दोन ओटीपी, एक ईमेल. स्क्रीनवर "प्रोसेसिंग". साडेनऊला "प्रोसेसिंग". अकराला मदतकक्षाला लिहिलं, उत्तर आलं की विनंती तपासणीत आहे. ती रद्दही करता येईना. सकाळी सहा पन्नासला कॉइन निघाले आणि चार सेकंदांत पोचले. नऊ तास अडतीस मिनिटं, त्यातली नेटवर्कची चार सेकंदं. तोपर्यंत दोन्ही एक्सचेंजांमधला फरक ०.३ टक्क्यांवर आला होता आणि एक्सआरपी सगळीकडेच पावणेदोन टक्क्यांनी उतरला होता. मी विकून मोकळा झालो. नफा सोडाच, मुद्दलात खोट आली.

एक्सआरपीची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यापायी लोकांचे पैसे अडकलेले मी पाहिलेत. एक्सचेंजचा एक्सआरपीचा पत्ता सगळ्या ग्राहकांना सहसा एकच असतो. कोणाचे कॉइन कोणाच्या खात्यात टाकायचे हे ओळखायला एक वेगळा अंक असतो, डेस्टिनेशन टॅग. तो भरायचा राहिला किंवा चुकला तर कॉइन एक्सचेंजकडे पोचतात, तुमच्या खात्यात मात्र दिसत नाहीत. मग तिकीट टाका, स्क्रीनशॉट पाठवा, आठवडा जातो, कधी वेगळी फी लागते. यूएसडीटी या डॉलरच्या भावाशी बांधलेल्या कॉइनचंही तसंच: ट्रॉन नेटवर्कवरचा पत्ता वेगळा, इथेरियम नेटवर्कवरचा वेगळा, आणि समोरचं एक्सचेंज ज्या नेटवर्कवर घेत नाही त्यावर पाठवलं तर परत मिळेलच असं नाही. घाई करणाऱ्याच्याच हातून हे होतं, आणि हा सगळा उद्योगच घाईचा आहे.

"भाव वर जावो की खाली"

हे वाक्य मला सर्वात जास्त सलतं, कारण ते ऐकून जपून गुंतवणारी माणसं यात उतरतात. ज्यांनी आयुष्यात शेअर घेतला नाही असे लोकही "रिस्क झिरो" या दोन शब्दांवर एफडी मोडतात.

खरं आर्बिट्राज म्हणजे एकाच क्षणी इकडे घेणं आणि तिकडे विकणं. तुम्ही आधी घेता, मग पाठवता, मग विकता. मधल्या वेळात कॉइन तुमचे असतात आणि त्यांचा भाव पडला तर तो तुमचाच तोटा. किती, त्याचा अंदाज बांधता येतो. दिवसाला साधारण तीन टक्के हलणारा कॉइन धरा, क्रिप्टोत हे काही विशेष नाही. तासाभराची हालचाल काढायला तीनला चोवीसने भागायचं नसतं, चोवीसच्या वर्गमुळाने भागायचं असतं. कारण वर-खाली होणाऱ्या हालचाली एकमेकींना काही प्रमाणात खोडतात. उत्तर येतं ०.६ टक्के. म्हणजे एका तासात भाव ०.६ टक्क्याने इकडे किंवा तिकडे जाणं ही रोजची गोष्ट आहे. आणि वरच्या उदाहरणात तुमच्या हातात उरला होता ०.४ टक्का.

भाव चढूही शकतो, हे मान्य. पण मग तुम्ही फरकावर कमावलं नाही, कॉइन चढला म्हणून कमावलं. त्यासाठी दोन एक्सचेंज, दोन फी आणि रात्रभराचं जागरण कशाला हवं होतं?

करानंतर काय उरतं

हा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, आणि भारतात राहणाऱ्यासाठी तो बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे.

१ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. नफ्यावर नव्हे, विक्रीच्या रकमेवर. एक्सचेंजची फी वजा जाता वरच्या सौद्यात तो होतो साधारण १,०१० रुपये. म्हणजे विकल्यावर तुमच्या खात्यात प्रत्यक्ष येतात ९९,९४४. लक्षात घ्या, तुम्ही टाकले होते १,००,५४६. सौदा यशस्वी झाला, फरक मिळाला, आणि खात्यात सहाशे रुपये कमी आले.

टीडीएस बुडत नाही. तो तुमच्या नावावर जमा होतो, फॉर्म २६एएसमध्ये दिसतो, रिटर्न भरल्यावर करातून वळता होतो किंवा परत मिळतो. पण ते कधी? पुढच्या वर्षी. मधल्या काळात ते भांडवल तुमच्याकडे नाही. रोज एक याप्रमाणे महिन्यात वीस फेऱ्या केल्या आणि वीसही अशाच यशस्वी झाल्या, तरी लाखाचे साधारण ८८,७०० उरतात. एका मुलाने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला होता तेव्हा त्याच्या एक्सेलमध्ये प्रत्येक ओळ हिरवी होती आणि शेवटची शिल्लक मात्र उतरलेली. तो मला विचारत होता, "सर, फॉर्म्युला चुकलाय का?" फॉर्म्युला बरोबर होता. टीडीएसचा कॉलम त्याने घातलाच नव्हता, आणि बँकेतल्या शिलकेत तो आपोआप आला होता.

आता नफ्यावरचा कर. आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२. इथे नफा म्हणजे विक्रीची रक्कम वजा खरेदीची किंमत. दुसरा कुठलाही खर्च वजा होत नाही. विथड्रॉवल फी नाही, विक्रीची फी नाही, इंटरनेटचं बिल तर नाहीच. खरेदीच्या वेळची फी किमतीत धरावी की नाही यावर सीए लोकांत दोन मतं आहेत. कडक बाजूने हिशेब करू. ४९९ कॉइन विकून आले १,०१,२५२, ते २००.५० ने घेतले होते म्हणून किंमत १,००,०५०. कागदावरचा नफा १,२०२. त्यावर कर ३७५ रुपये. तुमच्या हातातला खरा नफा ४०८ होता. वजा जाता उरले ३३ रुपये.

लाख रुपये वाटेत, रात्र जागून, ३३ रुपये. खरेदीची फी किमतीत धरू दिली, तर सव्वाशेच्या आसपास.

याच्याही पुढची अट फारच थोड्यांना माहीत असते. क्रिप्टोचा तोटा कशातूनच वजा होत नाही. दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही नाही, पुढच्या वर्षी ओढूनही नेता येत नाही. समजा दहा फेऱ्यांत सहा वेळा हजार-हजार मिळाले आणि चार वेळा, कॉइन वाटेत असताना भाव पडल्याने, हजार-हजार गेले. तुमच्या लेखी कमाई दोन हजार. कर लागणार सहा हजारांवर, १,८७२ रुपये. उरले १२८. एखाद-दोन फेऱ्या आणखी बिघडल्या की कमाई नसताना कर भरायचा. ज्या धंद्यात नफा बारीक आणि फेऱ्या पुष्कळ, त्या धंद्याला हा नियम सर्वात जास्त लागतो.

फरक मोठा दिसला तर?

इथे मेसेज नुसता अपुरा नाही, उलटा आहे. पाच-दहा टक्क्यांचा फरक दिसला तर पहिला प्रश्न असा: तो अजून तिथे कसा काय टिकला? सेकंदाच्या काही भागात सौदा करणारे प्रोग्रॅम चोवीस तास हेच शोधत बसलेले असतात. त्यांनी सोडून दिलेला फरक म्हणजे मधे कुठेतरी दरवाजा बंद आहे. कधी कॉइन बाहेर काढता येत नाहीत, कधी आत घेता येत नाहीत, कधी रुपये निघत नाहीत.

टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्सचेंजचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे, कारण तिथे फरक आधी एका दिशेला होता आणि मग उलटा झाला. २०१३ मध्ये तिथे बिटकॉइन इतर ठिकाणांपेक्षा महाग दिसत होता. कारण डॉलर काढायला लोकांना आठवडे, कधी महिने लागत होते. डॉलर अडकलेले, म्हणून प्रत्येक जण जास्त भाव देऊन बिटकॉइन घ्यायचा आणि कॉइनच्या रूपाने बाहेर पडायचा. बाहेरून बिटकॉइन आणून तिथे महाग विकणाऱ्याला कागदावर छान नफा दिसायचा, पण तो अशा डॉलरमध्ये असायचा जे निघत नव्हते. मग ७ फेब्रुवारी २०१४ ला बिटकॉइन काढणंही बंद झालं आणि तिथला भाव इतरांपेक्षा कितीतरी खाली आला. तेव्हा लोकांना वाटलं, आता इथे स्वस्त आहे, घेऊन ठेवावं. त्या महिन्याच्या २८ तारखेला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दोन्ही वेळा तो फरक म्हणजे बाजाराने लावलेली भीतीची किंमत होती.

दक्षिण कोरियात जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइन जगापेक्षा चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत महाग झाला होता. त्याला तिथे "किमची प्रीमियम" असं नावच पडलं. अमेरिकेत घ्या, सोलमध्ये विका, असं प्रत्येकाच्या मनात आलं. पण विकल्यावर हातात येणार कोरियन वॉन, आणि ते देशाबाहेर नेण्यावर मर्यादा आणि कागदपत्रं. बाहेरच्या माणसाला तिथलं खातं उघडणंच अवघड. कॉइन काही मिनिटांत सोलला पोचायचे आणि पैसे तिथेच राहायचे. इगोर मकारोव आणि अँटोनेट शोअर या दोन अभ्यासकांनी त्याच काळातले सौदे तपासले, तेव्हा हेच दिसलं: एकाच देशातल्या एक्सचेंजांमधले फरक लहान, देशादेशांमधले मोठे. अडथळा ब्लॉकचेनमध्ये नव्हता, बँकांमध्ये होता.

आपल्याकडे याचं रूप म्हणजे यूएसडीटी. डॉलरचा बँकेतला भाव एक आणि यूएसडीटीचा रुपयातला भाव त्याहून दोन-चार रुपयांनी जास्त, असं कितीतरी वेळा दिसतं. दुबईत किंवा अमेरिकेत असलेले आपले लोक विचारतात, "इथे घेऊन तिकडे विकू का?" तो प्रीमियम याच बंद दाराचा आहे. इथून डॉलर बाहेर पाठवून क्रिप्टो घ्यायला बँका सहसा तयार नसतात, आणि इथे विकून आलेले रुपये पुन्हा डॉलर करून बाहेर नेणं तितकंच कठीण. मग लोक एक्सचेंज सोडून पी-टू-पीला जातात, म्हणजे अनोळखी माणूस तुमच्या बँक खात्यात रुपये टाकतो आणि तुम्ही त्याला यूएसडीटी देता. ते रुपये कुणाला फसवून आणलेले असले आणि त्या फसलेल्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तर पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खातं गोठवते. कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या सायबर ठाण्याला पत्रं लिहीत बसायचं. आमच्या ऑफिसात अशी दोन माणसं आली होती, एकाच्या पगाराचं खातं होतं ते. दोन रुपयांच्या प्रीमियमसाठी त्याचा त्या महिन्याचा गृहकर्जाचा हप्ता चुकला.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे वझीरएक्स. १८ जुलै २०२४ ला तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, पैसे आणि कॉइन काढणं थांबलं, आणि तिथले भाव इतर भारतीय एक्सचेंजांपेक्षा खाली घसरले. त्या दिवशीही "स्वस्तात मिळतंय, उचला" असे मेसेज फिरले. पुढे ट्रेडिंगही थांबलं आणि लोकांची रक्कम वर्षाहून अधिक काळ अडकली.

हे ओळखायला फार काही लागत नाही. सौद्याआधी पहिल्या एक्सचेंजचं विथड्रॉवल पान आणि दुसऱ्याचं डिपॉझिट पान उघडा. त्या कॉइनपुढे, त्याच नेटवर्कवर, "मेंटेनन्स" किंवा "तात्पुरतं बंद" लिहिलेलं असेल तर फरकाचं कारण तुम्हाला मिळालं. दोन्ही चालू दिसत असतील तर वीसेक कॉइन पाठवून घड्याळ लावा. आणि कॉइन तोच आहे ना, हेही पाहा. २०२२ मध्ये टेरा हे नेटवर्क कोसळल्यावर जुन्या लुनाचं नाव लुना क्लासिक झालं आणि लुना हे नाव नव्या कॉइनला मिळालं. त्या दिवसांत नाव सारखं आणि भाव हजारो पटींनी वेगळा, असं दिसायचं.

"मग दोन्हीकडे माल ठेवते"

हा प्रश्न मला एका हुशार मुलीने विचारला आणि तो रास्त आहे. एका एक्सचेंजवर रुपये, दुसऱ्यावर कॉइन आधीच ठेवायचे. फरक दिसला की इकडे घ्यायचं आणि त्याच क्षणी तिकडे विकायचं. पाठवायचं काहीच नाही, म्हणजे वाटेतला धोका गेला.

मोठे व्यवहार करणाऱ्या कंपन्या असंच करतात, यात शंका नाही. पण फरक बहुधा एकाच दिशेला असतो. पाच सौद्यांनंतर पहिल्या एक्सचेंजवर नुसते कॉइन साचतात, दुसऱ्यावर नुसते रुपये. पुढचा सौदा करायचा तर माल परत जागेवर आणायला हवा, आणि तिथे तीच विथड्रॉवल फी, तोच "प्रोसेसिंग" पुन्हा समोर. फरक फक्त एवढा की घाई नसते. भांडवल दुप्पट लागतं. दुसरीकडे ठेवलेले कॉइन महिनाभर पडून राहतात, त्यांचा भाव पडला तर तो तोटा तुमचाच. दोन एक्सचेंजांवर कायम शिल्लक ठेवायची, म्हणजे दोघांपैकी एक जरी बंद पडलं तरी पैसे अडकले. आणि टीडीएस व कर तर जागचे हलत नाहीत. कंपन्यांना फी जवळपास शून्य असते, त्यांचे प्रोग्रॅम मिलिसेकंदात सौदा करतात, आणि भाव पडण्याचा धोका त्या फ्युचर्समध्ये उलटा सौदा करून झाकतात. ०.०५ टक्का सुटला तरी त्यांना पुरतो, कारण त्यांचा खर्च त्याहून कमी आहे. तुमचा खर्च दीड टक्क्याच्या वर आहे.

तिने घरी जाऊन गेल्या तीन महिन्यांतले दोन्हीकडचे भाव तासातासाने उतरवून घेतले, शेवटच्या सौद्याचे नाही, घेणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या पहिल्या ओळीचे. खर्च वजा जाता पैसे सुटले असते असे तास तिला अकरा सापडले. मी म्हटलं, त्या अकरा तासांत डिपॉझिट चालू होतं का ते बघ. तिच्याकडे नऊ वेळांचे स्क्रीनशॉट होते. नऊही वेळा बंद होतं.

बॉट आणि "माझं चालू आहे"

काही मेसेजांखाली लिंक असते: बॉट घ्या, तो आपोआप फरक पकडतो. यूट्यूबवर एक प्रकार फार चालतो. एक कोड देतात, तो इथेरियमवर चढवायला सांगतात आणि "भांडवल" म्हणून त्यात इथर हे तिथलं कॉइन टाकायला सांगतात. कोडच्या आत लपवलेला पत्ता त्यांचा असतो. तुम्ही "स्टार्ट" दाबलं की इथर तिकडे जातं. आर्बिट्राज वगैरे त्यात काहीच नसतं. दुसरा प्रकार खोट्या एक्सचेंजचा: टेलिग्रामवरचा माणूस एक वेबसाइट देतो, तिथे भाव खरंच पाच टक्के जास्त दिसतो, तुम्ही विकता, शिल्लक वाढते. पहिल्यांदा पाच हजार काढूही देतात. मोठी रक्कम काढायला गेलात की "आधी टॅक्स भरा" असं सांगतात. खरं एक्सचेंज टीडीएस तुमच्या रकमेतून कापतं, वेगळा भरायला कधीच सांगत नाही.

आणि मेसेज पाठवणाऱ्याचं चालू आहे का, हे विचारायचं असेल तर त्याच्याकडे स्क्रीनशॉट मागू नका. दोन्ही एक्सचेंजांचे पूर्ण वर्षाचे ट्रेड रिपोर्ट, विथड्रॉवल फीच्या नोंदींसकट, आणि त्याच वर्षाचा २६एएस मागा. माझ्या टेबलावर हे तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून "हो, सुटले" म्हणणारा माणूस अजून आलेला नाही.